कर्मचारी संलग्नता सर्वेक्षण

कर्मचारी संलग्नता सर्वेक्षण म्हणजे एखाद्या संस्थेतील कर्मचाऱ्यांचे आपल्या कामात, आपल्या चमूत आणि संस्थेत कितपत मन लागले आहे, हे ठरावीक विधानांच्या साहाय्याने जाणून घेण्याची पद्धत होय. इंग्रजीतील ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’ या संज्ञेसाठी मराठीत संलग्नता, कार्यसंलग्नता, समरसता असे वेगवेगळे शब्द वापरले जातात. कार्यालयांच्या बोलीत बहुधा ‘एंगेजमेंट सर्व्हे’ हाच शब्द रूढ आहे. प्रस्तुत लेखात अशा सर्वेक्षणाची रचना आणि एखाद्या एकाच चमूचे गुण कमी आल्यास पुढे काय केले जाते, या दोन बाबींचा परिचय दिला आहे.

संलग्नता आणि समाधान या दोन गोष्टी एकच नव्हेत. घराजवळची नोकरी, वेळेवर मिळणारा पगार आणि पाच वाजता सुटका एवढ्यावर एखादा कर्मचारी पूर्ण समाधानी असू शकतो. तरीही कामातील चूक दिसत असून ती सांगावीशी त्याला वाटत नाही, असेही असू शकते. उलट, कामात जीव ओतणारा माणूसच पुष्कळदा अधिक तक्रारी करताना आढळतो. म्हणून केवळ ‘आपण समाधानी आहात का?’ एवढे विचारून संलग्नतेचा अंदाज येत नाही.

पार्श्वभूमी

कर्मचाऱ्यांची मते मोजण्याच्या तंत्राचा पाया रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी सामाजिक शास्त्रज्ञाने १९३२ साली मांडलेल्या मापनश्रेणीत आहे. एक विधान द्यावयाचे आणि त्याच्याशी पूर्ण असहमतीपासून पूर्ण सहमतीपर्यंत उत्तरदाता कोठे आहे ते विचारावयाचे, अशी ही पद्धत आहे. आजही बहुतेक सर्वेक्षणांत पाच पायऱ्यांची हीच श्रेणी असते. कामाच्या संदर्भात संलग्नतेची कल्पना विल्यम काह्न यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातून रूढ झाली. एका उन्हाळी शिबिरातील मार्गदर्शक आणि एका वास्तुरचना संस्थेतील कर्मचारी यांच्या अभ्यासावरून त्यांनी असे मांडले की, माणूस कामात स्वतःला झोकून देतो तो तीन गोष्टी जुळल्यावर : कामाला अर्थ आहे असे वाटणे, मन मोकळे केल्यास नुकसान होणार नाही अशी खात्री असणे आणि त्यासाठी लागणारी शारीरिक व मानसिक शक्ती शिल्लक असणे. पुढे गॅलप या संस्थेची बारा विधानांची प्रश्नावली आणि नेदरलँड्समधील युट्रेक्ट विद्यापीठाशी निगडित संशोधकांची सतरा व नऊ विधानांची मापनपट्टी यांचा प्रसार झाला.

या इतिहासातील एक प्रयोग तुलनेने कमी परिचित आहे. मात्र लेखाच्या विषयाशी त्याचाच संबंध सर्वांत निकटचा आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी डेट्रॉइट एडिसन या वीज कंपनीत कर्मचाऱ्यांचे मोठे सर्वेक्षण केले. त्या पथकातील फ्लॉइड मान यांनी कंपनीच्या हिशेब विभागांमध्ये निष्कर्ष वेगवेगळ्या रीतीने पोहोचवून पाहिले. काही विभागांत प्रत्येक पातळीवरच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या लोकांसह बसून आकड्यांवर चर्चा केली, तर काही विभागांत निष्कर्ष कळविण्यापलीकडे विशेष काही झाले नाही. पुन्हा मोजणी केली तेव्हा चर्चा झालेल्या विभागांत अनुकूल बदल अधिक दिसला. सर्वेक्षण दोन्हीकडे झाले होते. फरक होता तो आकड्यांवर झालेल्या बोलण्याचा. ‘सर्वेक्षण-प्रतिपोषण’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत यातून पुढे आली.

लहान संस्थेसाठी रचना

या विषयावरील बहुतेक लेखन हजारो कर्मचारी असलेल्या कंपन्यांना समोर ठेवून केलेले असते. महाराष्ट्रातील तालुक्याच्या ठिकाणी मात्र पतसंस्था, शिक्षणसंस्था, रुग्णालय, खरेदी-विक्री संघ अशा पन्नास-शंभर माणसांच्या संस्था असतात. तेथे एका चमूत आठ-दहा जण असतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याचे अक्षर ओळखतो. पुढील विवेचनासाठी बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात कार्य करणाऱ्या एका पतसंस्थेचे उदाहरण घेतले आहे. ही संस्था आणि तिचे आकडे काल्पनिक असून केवळ हिशेब समजावा म्हणून दिले आहेत. संस्थेचे मुख्य कार्यालय संग्रामपूर येथे आहे, वरवट बकाल, सोनाळा, टुनकी, पातुर्डा अशा मोठ्या गावी शाखा आहेत आणि एकूण ६२ पगारी कर्मचारी आहेत, असे समजू.

पहिला प्रश्न कोणाला विचारावयाचे हा असतो. दैनिक ठेव गोळा करणारे अभिकर्ते कमिशनवर काम करतात. त्यांचे वरिष्ठ, त्यांच्या वेळा आणि त्यांच्या अडचणी कर्मचाऱ्यांहून भिन्न असतात. त्यांची उत्तरे कर्मचाऱ्यांच्या उत्तरांत मिसळल्यास दोन्हींचा अर्थ हरवतो. म्हणून त्यांना वगळू नये, परंतु त्यांची मोजणी स्वतंत्र ठेवावी.

दुसरा प्रश्न वेळेचा. पतसंस्थेत ३१ मार्चपूर्वीचे दोन महिने वसुलीच्या धावपळीचे असतात. त्या काळात घेतलेले सर्वेक्षण संलग्नतेऐवजी थकवा मोजते. दिवाळीचा बोनस हाती पडल्याच्या आठवड्यात घेतले, तर आकडे उगीच फुगतात. ऑगस्टसारखा त्यातल्या त्यात निवांत महिना निवडणे आणि पुढील वर्षीही तोच महिना पाळणे श्रेयस्कर, कारण तुलना करावयाची ती दोन सारख्या काळांचीच असावी.

विधाने बारा ते पंधरा पुरेशी होतात. प्रत्येक विधानात एकच गोष्ट असावी. ‘माझे वेतन व मला मिळणारी वागणूक योग्य आहे’ या विधानाला वेतनावर नाराज पण वागणुकीवर खूश असलेला कर्मचारी काय उत्तर देणार? नकारात्मक विधानेही मराठीत घोटाळा करतात. ‘माझे मत विचारले जात नाही’ याच्याशी ‘असहमत’ म्हणणे म्हणजे मत विचारले जाते असे म्हणणे, हे घाईत वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. विधान शक्यतो डोळ्यांसमोर प्रसंग उभा करणारे असावे. ‘संस्थेत मुक्त संवादाचे वातावरण आहे’ यापेक्षा ‘माझ्या कामाशी संबंधित निर्णय घेण्यापूर्वी मला विचारले जाते’ हे विधान अधिक उपयोगी, कारण त्याचे गुण कमी आले तर पुढे काय शोधावयाचे ते कळते.

इंग्रजी प्रश्नावलीचे शब्दशः भाषांतर हा चुकीचा आणखी एक मोठा स्रोत आहे. कामाच्या ठिकाणी जिवलग मित्र असण्याविषयीचे विधान काही परदेशी प्रश्नावल्यांत असते. तालुक्याच्या गावी स्त्री-पुरुष एकत्र काम करणाऱ्या कार्यालयात ‘मित्र’ या शब्दापाशीच उत्तर देणारी व्यक्ती थबकते. ‘अडचणीच्या वेळी मन मोकळे करता येईल असे कोणी तरी येथे आहे’ असे म्हटल्यास तोच आशय पोहोचतो. विधाने पक्की करण्यापूर्वी ती लिपिक, रोखपाल आणि शिपाई अशा तिघा-चौघांना वाचावयास देऊन ‘यातून तुम्हांला काय समजले?’ असे विचारावे. हे काम एका दुपारचे असते, पण ते सहसा कोणी करीत नाही.

गोपनीयता

निनावी आणि गोपनीय या शब्दांत फरक आहे. निनावी म्हणजे उत्तर कोणाचे ते कोणालाच ठाऊक नसणे; गोपनीय म्हणजे ते ठाऊक असलेली व्यक्ती ते उघड करणार नसणे. जे आश्वासन दिले असेल तेच पाळले पाहिजे. ई-मेल पत्ता नोंदविणारा ऑनलाइन अर्ज व्हॉट्सॲपवर पाठवून त्याला निनावी म्हणणे ही उघड दिशाभूल ठरते आणि ती एकदा लक्षात आली की पुढची कित्येक वर्षे खरी उत्तरे मिळत नाहीत.

लहान शाखेत नाव न लिहिताही माणूस ओळखता येतो. नऊ जणांच्या शाखेत एकच स्त्री कर्मचारी असेल तर ‘स्त्री / पुरुष’ हा रकाना तिचे नाव लिहिण्यासारखाच आहे. वय, हुद्दा आणि सेवेची वर्षे हे तिन्ही विचारले तर जवळजवळ प्रत्येक जण उघडा पडतो. अशा ठिकाणी शाखेचे नाव एवढीच माहिती घ्यावी, पाचांहून कमी उत्तरे आलेल्या गटाचे आकडे स्वतंत्र दाखवू नयेत आणि हा नियम सर्वेक्षणापूर्वीच जाहीर करावा. कागदी अर्जावर केवळ खुणा करावयास सांगाव्यात. मोकळ्या शब्दांतील अभिप्राय वेगळ्या कागदावर घेऊन संस्थेबाहेरील विश्वासू व्यक्तीकडून टंकलिखित करून घ्यावेत, कारण अक्षर लपत नाही. पेटी शाखाधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवू नये, हे वेगळे सांगावयास नको. तरी ती बहुधा तेथेच ठेवलेली आढळते.

एका शाखेचे कमी गुण : उदाहरण

वरील पतसंस्थेत ६२ पैकी ५५ जणांनी उत्तरे दिली. एका शाखेतील ९ पैकी ८ जणांची उत्तरे आली. ‘सहमत’ व ‘पूर्ण सहमत’ ही उत्तरे अनुकूल धरली आहेत. त्या शाखेची तुलना संपूर्ण संस्थेशी करू नये, कारण संस्थेच्या बेरजेत ती शाखाही असते. उरलेल्या ४७ जणांशी करावी. पाच विधानांचे आकडे असे आले :

| विधान | ही शाखा (८ पैकी) | उर्वरित संस्था (४७ पैकी) |
|---|---|---|
| माझ्याकडून काय अपेक्षित आहे ते मला स्पष्ट आहे | ७ | ३९ |
| वरिष्ठांना माझ्याविषयी माणूस म्हणून आस्था आहे | ६ | ३३ |
| कामासाठी लागणारी साधने मला वेळेवर मिळतात | ३ | ३७ |
| कामाशी संबंधित निर्णयापूर्वी मला विचारले जाते | १ | ३२ |
| पुढील वर्षीही येथेच काम करावेसे वाटते | ४ | ३७ |

आठ जणांच्या गटात एका व्यक्तीचे उत्तर बदलले तर टक्केवारी साडेबाराने हलते. म्हणून येथे टक्के न लिहिता माणसे मोजणे अधिक प्रामाणिक ठरते. पहिल्या दोन विधानांत शाखा आणि उर्वरित संस्था यांत अर्थपूर्ण फरक नाही. तिसऱ्या व चौथ्या विधानांतील फरक मात्र एखाद्या नाराज माणसामुळे पडेल इतका लहान नाही. साधनांच्या बाबतीत इतरत्र जवळपास पाचांतले चार जण अनुकूल आहेत, येथे आठांतले तीन. मत विचारण्याच्या बाबतीत इतरत्र तिघांतले दोन, तर येथे आठांतला एकच.

तक्ता कसा वाचावयाचा, हे येथे दिसते. एखाद्या शाखेचे गुण कमी आले की शाखाधिकारीच वाईट, असा निष्कर्ष मुख्य कार्यालयात तत्काळ काढला जातो. परंतु वरिष्ठांच्या आस्थेविषयीचे विधान येथे उत्तम आहे. म्हणजे माणसे शाखाधिकाऱ्यावर रुष्ट नाहीत, अडचण त्याच्याही हाताबाहेरच्या कशात तरी असावी. त्याची बदली केली असती तर शाखेतील चांगली गोष्ट गेली असती आणि वाईट तशीच राहिली असती. उत्तर न दिलेला नववा कर्मचारी कोण, याचा शोध घेणे हीदेखील घातक चूक आहे.

चर्चेची बैठक

आकडे काय घडते आहे ते सांगतात, का घडते ते सांगत नाहीत. त्यासाठी चमूची बैठक लागते. आकडे प्रथम शाखाधिकाऱ्याला एक दिवस आधी एकट्याने पाहू द्यावेत. सर्वांसमोर प्रथमच पाहणारा माणूस स्वाभाविकपणे बचावाच्या पवित्र्यात जातो. बैठक निकाल हाती आल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत, कामाच्या वेळेत आणि सुमारे दीड तासाची असावी. आस्थेविषयीच्या विधानाला कमी गुण असते, तर पूर्वार्धात शाखाधिकाऱ्याने बाहेर थांबणे आणि अन्य शाखेतील व्यक्तीने बैठक चालविणे योग्य झाले असते.

बैठकीत ‘असे कोणी लिहिले?’ किंवा ‘असे का वाटते?’ असे विचारू नये. ‘गेल्या महिन्यात साधनांवाचून काम अडले असा एखादा प्रसंग सांगा’ असे विचारल्यास मतांऐवजी घटना समोर येतात. उदाहरणातील शाखेत दोन घटना पुढे आल्या, असे समजू. पहिली अशी की, दुपारी वीज किंवा इंटरनेट गेले की व्यवहार हाताने वहीत टिपले जातात आणि सायंकाळी ते संगणकात चढवून रोख जुळेपर्यंत सर्व जण थांबतात. गावाकडे जाणारी शेवटची बस तोवर निघून गेलेली असते. दुसरी घटना वसुलीची. मासिक वसुलीचे उद्दिष्ट मुख्य कार्यालय वर्षाच्या आरंभी बारा समान भागांत वाटून पाठविते. तालुक्याचा मोठा भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथे भूजल खारे असल्याने शेती मुख्यत्वे पावसावर आणि कर्जदाराच्या हाती पैसा येतो तो कापूस-सोयाबीन विकल्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या दारी जाऊन केवळ शब्द मिळतात. हे शाखेतील प्रत्येकाला ठाऊक होते, पण त्यांना कोणी विचारले नव्हते.

‘मला विचारले जात नाही’ या उत्तराचा रोख म्हणजे शाखाधिकाऱ्याकडे नसून मुख्य कार्यालयाकडे होता. विधानात ‘कोणाकडून’ हे स्पष्ट नसले की असे होते. पुढील वर्षी त्याची दोन विधाने करणे इष्ट, हाही या बैठकीचा एक निष्कर्ष.

कृती

कृतीसाठी दोनच विषय घ्यावेत. सात-आठ कलमांचा आराखडा फाइलमध्ये सुंदर दिसतो आणि तेथेच राहतो. प्रत्येक कृतीपुढे एका व्यक्तीचे नाव आणि तारीख लिहावी. ‘सर्व संबंधित’ असे लिहिले की ती कोणाचीच नसते.

उदाहरणातील शाखेत पहिल्या प्रश्नाचा काही भाग शाखेच्याच हातात होता. सर्वांनी थांबण्याऐवजी दोघांनी पाळीपाळीने थांबून दिवस बंद करावा, असा तक्ता लगेच लागू करता आला. इन्व्हर्टरची बॅटरी बदलणे आणि दुसऱ्या कंपनीची इंटरनेट जोडणी घेणे यांसाठी मुख्य कार्यालयाची मंजुरी लागली. ती महिन्याभरात मिळाली. दुसऱ्या प्रश्नावर शाखेने संचालक मंडळाकडे महिनावार वसुलीचा स्वतःचा अंदाज कारणांसह पाठविला. मंडळाने वार्षिक उद्दिष्ट कमी करण्यास नकार दिला, मात्र महिन्यांची वाटणी शाखेच्या अंदाजाप्रमाणे बदलून दिली. हा नकार लेखी आणि कारणासह कळविण्यात आला. प्रत्येक मागणी मान्य व्हावी अशी माणसांची अपेक्षा नसते. उत्तर यावे एवढी असते. मोकळ्या अभिप्रायांतील वेतनवाढीच्या मागणीलाही ‘यंदा शक्य नाही’ असे स्पष्ट उत्तर देणे मौनापेक्षा बरे.

चार महिन्यांनी त्याच शब्दांतील तीनच विधाने पुन्हा विचारली. साधनांविषयीचे अनुकूल उत्तर तिघांवरून सहांवर गेले, मत विचारण्याविषयीचे एकावरून तिघांवर आणि येथेच काम करण्याविषयीचे चौघांवरून पाचांवर. यातील पहिला बदल विश्वसनीय मानता येतो, कारण त्यामागे दिसणारे कारण आहे. दुसरा अपुरा आहे. नव्या वाटणीनुसार वसुलीचा हंगाम पूर्ण झाल्याखेरीज त्याविषयी काही म्हणता येणार नाही. तिसरा केवळ एका व्यक्तीचा असल्याने त्यावर काहीच उभारू नये. मधल्या काळात एकाची बदली होऊन दुसरा आला असेल, तर तुलना तेवढी आणखी सैल होते.

मर्यादा आणि फसवे आकडे

एका वेळच्या मोजणीत सर्वांत खाली असलेला गट पुढच्या वेळी काहीही न करता थोडा वर येण्याची शक्यता असते, कारण अतिशय कमी आकड्यात योगायोगाचाही वाटा असतो. त्यामुळे गुण वाढले एवढ्यावरून उपाय लागू पडला असे म्हणता येत नाही. ज्या विधानावर काम केले ते वाढले आणि ज्यावर केले नाही ते स्थिर राहिले, तर मात्र उपायाचा परिणाम असल्याचे मानण्यास आधार मिळतो.

याउलट, कमी गुणांच्या चमूत पुढील खेपेस सर्वच विधाने एकदम आणि सारखीच वर गेली, तर आनंदापेक्षा शंका अधिक योग्य. एकाच उभ्या रेषेत केलेल्या ‘पूर्ण सहमत’च्या खुणा, अभिप्रायांचे कोरे कागद आणि शंभर टक्के प्रतिसाद ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर अर्ज कोणाच्या तरी नजरेखाली भरले गेले असण्याचा संभव असतो. शाखाधिकाऱ्याची वेतनवाढ या गुणांशी जोडली की हे हमखास घडते. तो चांगले वागण्याऐवजी चांगले गुण मागू लागतो, आणि मागितल्यावर ते मिळतातही.

वेतन, पदोन्नतीतील अन्याय किंवा लैंगिक छळ यांसारख्या तक्रारींसाठी हे साधन नाही. अशी बाब अभिप्रायांत आढळल्यास ती चमूच्या बैठकीत न आणता त्यासाठी असलेल्या समितीकडे किंवा अधिकाऱ्याकडे जाण्याचा मार्ग सर्वांना पुन्हा कळवावा लागतो. लैंगिक छळाच्या बाबतीत दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. पाचांहून कमी माणसांच्या चमूसाठी तर छापील प्रश्नावली निरुपयोगीच ठरते. तेथे अन्य शाखेतील ज्येष्ठ सहकाऱ्याने प्रत्येकाशी स्वतंत्रपणे अर्धा तास बोलणे आणि चौघांच्या बोलण्यातून जे समान निघेल तेवढेच वर कळविणे, ही रीत वापरतात.